पन्नासाची पट्टी

वाटूरसारख्या गावात ‘ऑफिस’ म्हणजे काचेची इमारत आणि बाहेर पार्किंग नसतं. शाळेची स्टाफरूम, बँकेची शाखा, ग्रामपंचायत, वीज कंपनीचं कार्यालय, दवाखाना, आणि या सगळ्यांना जोडणारी ती चारचाकी, जिच्यात पाच जण पेट्रोलचे पैसे वाटून घेऊन रोज जालना किंवा परतूरहून अप-डाऊन करतात. परतूर तालुक्यातल्या या गावाच्या फाट्यावर जालना-मंठा रस्त्याला परतूरचा रस्ता मिळतो. सकाळी इथं गाड्या थांबतात, चहा होतो, आणि मार्चअखेरीपासून पुढचे दोन महिने चहाबरोबर एकच प्रश्न असतो: ‘सर, आज कोण?’

इथली पट्टी साधी असते. गणपतीला वर्गणी काढावी तशी माणशी पन्नास रुपये काढायची आणि एका वहीत नावं लिहायची. वही ज्याच्याकडे तो वहीवाला. हे काम बहुतेक ठिकाणी हिशेबाला पक्क्या आणि तोंडाने गोड माणसाकडे जातं, म्हणजे सेवानिवृत्तीच्या निरोप समारंभाची भेटवस्तू आणायलाही ज्याला पाठवतात त्याच्याकडेच. ही वही, हा वहीवाला आणि त्याच्या आजूबाजूचे दहा-बारा जण यांच्याबद्दल हा लेख आहे. मोठे बुकी, मॅच फिक्सिंग, २०१३ च्या आयपीएलमधल्या अटका, लोढा समिती यांवर भरपूर लिहून झालंय. स्टाफरूममधल्या वहीवर फारसं कुणी लिहीत नाही, कारण त्यात लिहिण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही.

पट्टीचे प्रकार तीन-चारच. पहिला संघाचा. अर्धे जण एका संघावर, अर्धे दुसऱ्यावर, आणि हरणाऱ्यांचे पैसे जिंकणाऱ्यांत वाटायचे. दुसरा चिठ्ठ्यांचा. शून्य ते नऊ असे दहा आकडे, दहा माणसं, पहिल्या डावाच्या धावसंख्येचा शेवटचा आकडा ज्याच्या चिठ्ठीवर असेल त्याला सगळी रक्कम. तिसरा फलंदाजीच्या क्रमांकाचा. सलामीवीरापासून अकराव्यापर्यंत चिठ्ठ्या काढायच्या, आणि जास्त धावा ज्याच्या क्रमांकाच्या फलंदाजाच्या, तो विजेता. काही ठिकाणी हंगामभराचा अंदाज असतो. एकदाच पैसे द्यायचे आणि अंतिम सामन्यानंतर उघडायचं.

पहिल्या प्रकाराचा हिशेब करून पाहू. २०२२ पासून आयपीएलमध्ये दहा संघ आहेत आणि सामने ७४. समजा शाखेतले बारा जण रोज पन्नास रुपये लावतात. पूर्ण हंगामात एकाचे ३,७०० रुपये फिरतात. फिरतात म्हणजे जातात असं नाही. पट्टीतले सगळे पैसे पट्टीतच वाटले जात असल्याने सरासरीने प्रत्येकाचे जवळजवळ परत येतात. नशीब रुसलं आणि ७४ पैकी ४२ वेळा हरला, ३२ वेळा जिंकला, तरी दहा सामन्यांचा फरक, म्हणजे पाचशे रुपये. दोन-अडीच महिन्यांच्या करमणुकीला पाचशे रुपये म्हणजे फाट्यावरच्या चहा-भज्यांहून स्वस्त. त्यामुळे पट्टी काढणाऱ्यांकडे बोट दाखवून ‘जुगार, जुगार’ ओरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. मात्र ही पट्टी निरुपद्रवी का असते, हे पट्टी खेळणाऱ्यांनाच माहीत नसतं, आणि खरी अडचण तिथं आहे.

ती निरुपद्रवी असते ती आकड्याच्या लहानपणामुळे नव्हे. तिला न सांगता चार कुंपणं घातलेली असतात. रक्कम ठरलेली आणि सगळ्यांची सारखी. पैसे आधी रोख, उधारी नाही. निकाल संध्याकाळी एकच. आणि कोण किती हरलं हे बाराही जणांना ठाऊक. यातलं एखादं कुंपण मोडतं तेव्हा आवाज होत नाही. उलट पट्टी अधिक रंगतदार झाली असं सगळ्यांना वाटतं.

२०२५ चाच हंगाम घ्या. कोलकात्यात २६ एप्रिलचा सामना पावसानं वाहून गेला, ५ मेचा हैदराबादचाही गेला. अशा वेळी पन्नास रुपये परत करायचे की उद्याच्या रकमेत मिळवायचे? परत करण्यात मजा नसते, म्हणून बहुतेक ठिकाणी ‘पुढे ढकला’ असं ठरतं. मग दुसऱ्या दिवशी सहाशेची रक्कम बाराशे होते, आणि बाराशेसाठी सामना बघताना सहाशेच्या सामन्याला आता चव राहत नाही. पुढच्या आठवड्यात कुणीतरी म्हणतंच, ‘शंभर करू ना सर, पन्नासात काय येतं आता.’ पहिलं कुंपण असं पावसानं पडतं.

मग ८ मे आला. धरमशाळेत पंजाब आणि दिल्लीचा सामना अकराव्या षटकात थांबवला गेला, दिवे गेले, प्रेक्षक बाहेर काढले, आणि दुसऱ्या दिवशी भारत-पाकिस्तान तणावामुळे स्पर्धाच आठवडाभरासाठी थांबली. पुन्हा सुरू झाली १७ मेला. मधल्या दिवसांत देशापुढे काळजीचे पुष्कळ विषय होते. पण पट्टी खेळणाऱ्या कुणालाही स्वतःची परीक्षा घ्यायची असती तर त्याहून बरी संधी मिळाली नसती. बारापैकी दहा जणांना त्या आठवड्यात पट्टीची आठवणही झाली नसेल. ते बातम्या बघत होते, घरी लवकर जात होते. एखाद-दोघांना मात्र संध्याकाळी साडेसातला हात रिकामे वाटले असतील. चिडचिड झाली असेल, आणि मोबाइलवर दुसरीकडे कुठे, कुठल्याही देशात, कुठलाही सामना चालू आहे का हे शोधलं गेलं असेल. डॉक्टर याला अस्वस्थता म्हणतात. जुगाराच्या व्यसनाचं निदान करायला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या नियमावलीत नऊ लक्षणं दिली आहेत. खेळ बंद केला किंवा कमी केला की बेचैन होणं हे त्यांतलं एक. नवांपैकी चार वर्षभरात दिसली तर निदान होतं. त्या यादीत रकमेचा आकडा कुठंही नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

चिठ्ठीच्या खेळाकडे जरा जवळून पाहायला हवं, कारण माणूस अडकतो त्याचं यंत्र त्यात उघडं दिसतं. तुमच्या चिठ्ठीवर ७ आहे. एकोणीस षटकं संपली, धावसंख्या १७१. शेवटचं षटक सुरू. चौकार, १७५. एक धाव, १७६. आता एक धाव निघाली की तुमचे पाचशे, पण मोठा फटका बसला तर गेले. चेंडू निर्धाव. पुढच्यावर एक धाव, १७७! पाचव्या चेंडूवर कुणीच पळू नये अशी तुम्ही प्रार्थना करता, आणि तो खरंच निर्धाव जातो. शेवटच्या चेंडूवर फलंदाज पॅडला लागलेल्या चेंडूवर चोरटी एक धाव काढतो. १७८. गेलं. हिशेबानं पाहिलं तर तुमची चिठ्ठी दहापैकी एक होती आणि ती हरली, म्हणजे २ ची चिठ्ठी असलेला जितका हरला तितकेच तुम्हीही हरलात. पण मनाला तसं वाटत नाही. मन म्हणतं, ‘जमलंच होतं.’ असं थोडक्यात चुकणं मेंदूला जिंकण्यासारखं भासतं आणि पुन्हा खेळावंसं वाटायला लावतं, हे प्रयोगांतून दिसून आलंय. आपल्याकडच्या मटक्यानं साठ वर्षं हीच नस धरली. १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि मग रतन खत्री यांनी मुंबईत तो धंदा वाढवला, तो गावोगावच्या टपऱ्यांवर गेला, आणि ‘एका घरानं हुकलं’ हे वाक्य त्याबरोबर गेलं. आकड्यांची पट्टी काढणाऱ्या गुरुजींना आपण मटक्याचाच धाकटा भाऊ पाळलाय असं सांगितलं तर राग येईल. पण ओपनचा आकडा आणि धावसंख्येचा शेवटचा आकडा यांत फरक शोधायला बसलं तर फार मिळत नाही.

आता वहीवाल्याकडे येऊ. धोक्यात सगळ्यांत आधी तोच असतो, आणि संशय सगळ्यांत शेवटी त्याच्यावरच येतो. बाकीच्यांची पट्टी पन्नास रुपयांची, त्याची मात्र वेळेचीही. खेळपट्टी, नाणेफेक, कोण जखमी, हे सगळं त्यानं वाचलेलं असतं. लोक त्याला विचारतात, आणि विचारतात म्हणून त्याला आपल्याला कळतं असं वाटू लागतं. मग बारा जणांच्या पट्टीत त्याचं ज्ञान वाया जातंय असं त्याच्या मनात येतं. ‘भाव’ हा शब्द त्याच्या तोंडी पहिल्यांदा येतो तो इथं.

सट्टेबाजाच्या बोलीत भाव पैशात सांगतात. एखाद्या संघाचा भाव ‘८०-८२’ म्हणजे त्या संघावर हजार लावले तर जिंकल्यावर आठशे मिळणार. याला लगाई म्हणतात. त्याच संघाविरुद्ध खेळायचं असेल, म्हणजे खाई, तर हजार मिळवण्यासाठी ८२० पणाला लागणार. ऐंशी आणि ब्याऐंशीमधले दोन पैसे बुकीचे. पट्टीत अशी कपात नसते. पट्टी आणि सट्टा यांच्यातली पहिली सीमा ही: पट्टीत मित्राचे पैसे मित्राकडे जातात, सट्ट्यात प्रत्येक खेळीतला एक तुकडा अशा माणसाकडे जातो जो सामना बघतही नाही.

तरी सामन्याच्या भावावर खेळणारा तसा बराच काळ तग धरतो. माणसं बुडतात ती सेशनमध्ये. सेशन म्हणजे ठरावीक षटकांत किती धावा होतील यावर खेळणं. बुकी म्हणतो, सहा षटकांना ४८-४९. ‘होय’ घेतलं तर ४९ किंवा जास्त हव्यात, ‘नाही’ घेतलं तर ४७ किंवा कमी. बरोबर ४८ झाल्या तर दोघंही हरले. वीस वेळांत एकदा नेमक्या ४८ होतात असं धरलं, तर खेळणाऱ्याची जिंकण्याची शक्यता ५० ऐवजी ४७.५ टक्के उरते, म्हणजे लावलेल्या प्रत्येक हजारामागे सरासरी पन्नास रुपये जातात. पन्नास ऐकून काही वाटत नाही. पण सहा, दहा, पंधरा आणि वीस षटकं असे एका डावात चार निकाल, दोन डावांत आठ. पट्टीच्या ७४ निकालांच्या जागी ५९२ झाले. निकाल वीस मिनिटांवर आला, तिसरं कुंपण गेलं, आणि आता हरल्याचं दुःख जिरायच्या आत पुढचा डाव हातात असतो.

त्या हाताचं काय होतं ते आकड्यांत मांडता येतं. हजार गेले, भरून काढायला दोन हजार लावले. तेही गेले. मग चार, आठ, सोळा. एकदा जिंकलं की सगळं परत येऊन वर हजार सुटतात, हे गणित खरं आहे, आणि म्हणूनच ते घातक आहे. लागोपाठ पाच हरले की ३१,००० रुपये गेलेले असतात आणि सहावा डाव ३२,००० चा असतो. लागोपाठ पाच वेळा हरण्याची शक्यता शंभरात चार. कमी वाटते, पण आठही सेशन खेळणाऱ्याला साधारण दहा संध्याकाळींत एकदा ती गाठते. हंगामात संध्याकाळी साठच्या आसपास असतात. इंग्रजीत ज्याला तोट्याचा पाठलाग म्हणतात, तो नऊ लक्षणांपैकी सगळ्यांत ओळखीचा. आपल्याकडे माणूस त्याला ‘फक्त मागचं काढायचंय’ असं म्हणतो. हे वाक्य कुणाच्या तोंडून ऐकलं तर बाकी काही विचारायची गरज नसते.

पूर्वी इथवर यायला बुकीचा माणूस शोधावा लागे, फोन लावावा लागे, आणि गावात तो कोण हे सगळ्यांना ठाऊक असल्याने लाजही वाटे. आता व्हॉट्सॲपवर ‘आयडी’ मिळतो. नाव, पासवर्ड, आणि पडद्यावर पॉइंट. रुपये दिसतच नाहीत. आयडी देणारा एजंट, त्याच्या वर दुसरा, त्याच्या वर तिसरा. खालच्या एजंटाची कमाई बहुतेक वेळा त्याच्या गिऱ्हाइकांच्या तोट्यातल्या हिश्शातून होते. आता हा खालचा एजंट कोण होतो, याचा विचार करा. ज्याच्याकडे आधीच विश्वासाची दहा-बारा माणसं आहेत, पैसे गोळा करायची सवय आहे, हिशेब स्वच्छ आहे, असा माणूस लागतो. म्हणजे वहीवाला. बहुतेकदा तो यात लोभानं जात नाही. स्वतःचं देणं फेडायला जातो, कारण वरचा त्याला सांगतो की चार आयडी चालव, तुझं वळतं करून घेऊ. त्या दिवसापासून शेजारच्या टेबलावरचा सहकारी जितका हरेल तितकं याचं कर्ज फिटतं. मैत्रीतली पट्टी एवढी उलटी फिरते, आणि दोघं अजूनही एकाच गाडीतून अप-डाऊन करत असतात.

कायद्याचं इथं काय? मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे आणि महाराष्ट्रात आजही पोलीस क्रिकेट सट्ट्याचे गुन्हे प्रामुख्यानं त्याच्याच आधारे नोंदवतात. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक असतो, म्हणजे जिंकलेले पैसे दिले नाहीत म्हणून कोर्टात जाता येत नाही. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांना केंद्रानं ऑगस्ट २०२५ मध्ये बंदी घातली. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ हा जुना वाद त्या कायद्यानं बाजूला ठेवला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ड्रीम ११ चे पैशांचे सामने त्याच आठवड्यात थांबले आणि भारतीय संघाच्या जर्सीवरचं त्यांचं नावही गेलं. व्हॉट्सॲपवरचा आयडी मात्र त्या कायद्याच्या आधीही बेकायदेशीरच होता, त्यामुळे त्याला बंदीची झळ कमी बसली.

ड्रीम ११ वरून आठवलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये विश्वचषक चालू असताना पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाला त्यावर दीड कोटी लागले. ती बातमी बहुधा महाराष्ट्रातल्या प्रत्येक कर्मचारी ग्रुपवर फिरली असेल. आठवडाभरात त्याच अधिकाऱ्याला निलंबित केल्याची बातमी आली, गणवेशात मुलाखती दिल्याचा ठपका त्यात होता. दुसरी बातमी पहिलीइतकी फिरली नाही. जिंकणारा एक माणूस राज्याला माहीत असतो आणि हरणारा शेजारचा माणूस शेजाऱ्यालाही माहीत नसतो, या एका गोष्टीवर हा सगळा व्यवहार उभा आहे. (जुलै २०२५ मध्ये राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर विधान परिषदेत रमी दिसल्याचा व्हिडिओही असाच फिरला. आपण खेळत नव्हतो असं त्यांनी सांगितलं. महिना संपता संपता त्यांचं खातं बदललं आणि त्यांच्याकडे क्रीडा खातं आलं. यावर टिप्पणी करण्याची गरज नाही.)

वाटूरसारख्या ठिकाणी हे उघडकीला येतं ते पोलिसांमुळे नाही, घरच्यांमुळेही नाही. उघडकीला येतं पतसंस्थेमुळे. शिक्षकांची, कर्मचाऱ्यांची पतसंस्था हा आपल्या नोकरदार वर्गाचा कणा आहे. घर, लग्न, मुलांची फी, सगळं तिथून निघतं, आणि कर्ज काढायचं तर दोन सहकाऱ्यांच्या जामीनकीच्या सह्या लागतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४९ नुसार सभासदानं लिहून दिलं असेल तर हप्ता थेट पगारातून कापता येतो. आता सह्या कोण देतं ते पाहा. पट्टीत जे असतात तेच. ‘सर, जरा सही करा, घराच्या वरच्या मजल्याचं काम काढलंय.’ सही करणाऱ्याला वरचा मजला दिसणार नसतो, कारण ते घर जालन्यात असतं. तीन-चार संस्थांमधून असं उचललं गेलं की पगारातून कपात होऊन हातात काहीच पडत नाही. मग कपात थकते, आणि नोटीस जामीनदाराच्या घरी येते. पन्नास रुपयांच्या पट्टीत हंगामभरात जो पाचशे हरला होता, त्याच्या नावावर लाखाची वसुली निघते. त्यानं कधी आयडी पाहिलेलाही नसतो.

तोवर खुणा दिसत असतात, फक्त त्यांचा कुणी अर्थ लावत नाही. दुपारी एक वाजता बांगलादेशातल्या स्थानिक सामन्याचा स्कोअर बघणारा माणूस क्रिकेटवेडा नसतो. तो सामना बघत नाही, भाव सांगणारं ॲप कानाला लावून असतो, कारण टीव्ही काही सेकंद मागे असतो. पगाराच्या दिवशी तो आनंदात नसतो, घाईत असतो. दोन-दोन हजारांची उसनवारी वेगवेगळ्या लोकांकडून, प्रत्येकाला वेगळं कारण. आणि पट्टीत मात्र तो अजूनही पन्नासच लावतो, तेही हसतखेळत. तज्ज्ञांनी १९९७ मध्ये चाळणीसाठी दोनच प्रश्न काढले होते: अधिकाधिक रक्कम लावावी असं कधी वाटलं का, आणि किती लावलं याबद्दल जवळच्या माणसाशी खोटं बोलावं लागलं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्टाफरूममधल्या इतरांना न विचारताही देता येतं.

कळल्यावर घरचे काय करतात, ते तर ठरलेलं आहे. वडील शेत गहाण टाकतात किंवा बायको दागिने मोडते, आणि सगळं देणं एकाच दमात फेडतात, ‘आता परत नाही’ अशी शपथ घेऊन. नऊ लक्षणांपैकी शेवटचं हेच: पैशाच्या अडचणीतून सुटायला दुसऱ्यावर विसंबणं. एकरकमी फेडलं की त्याची पत परत मिळते, बुकीकडेही. म्हणून देणं फेडायला बसायचं तर आधी कागद घ्यावा आणि सगळं देणं त्याच्याच हातानं लिहून घ्यावं. पतसंस्था आणि बँक वर, कारण ते देणं कायद्यानं वसूल होतं आणि मागे जामीनदार आहेत. मग सहकाऱ्यांची उसनवारी, दर महिन्याला थोडी, प्रत्येकाला रक्कम सांगून. आयडीवरचं देणं सगळ्यांत खाली, कारण ते कुठल्याही कोर्टात मागता येत नाही, आणि धमकी आली तर ती परतूर पोलिसांकडे न्यायची गोष्ट आहे. पगाराचं खातं आणि यूपीआय काही काळ दुसऱ्याच्या हाती हवं. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलतात. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे का, कुठल्या दिवशी आहे, हेही तिथून विचारता येतं.

आणि वही? ती बंद करायलाच हवी असं मला वाटत नाही. पाऊस पडला तर पैसे परत, रक्कम हंगामभर तीच, उधारी नाही, आणि वही दर आठवड्याला दुसऱ्याच्या हाती. शेवटचा नियम लावायला गेलं की बहुतेक वहीवाले हसून कबूल होतात. एखादा होत नाही. तो म्हणतो, राहू द्या ना सर, माझ्याकडेच बरी आहे.